माझा कॉम्पा-रेशो ०.९० होता, म्हणजे नेमकं काय?

आमच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी पगाराचे बँड कर्मचाऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. प्रत्येकाला आपापल्या ग्रेडचे तीन आकडे मिळाले: किमान, मिडपॉइंट आणि कमाल. माझ्या ग्रेडचे आकडे महिन्याला ४८,०००, ६०,००० आणि ७२,००० असे होते. खाली एकच ओळ होती, 'आपला कॉम्पा-रेशो तपासून पाहावा.' तो कसा तपासायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

कॉम्पा-रेशोचं गणित एका भागाकाराचं आहे. आपला पगार भागिले बँडचा मिडपॉइंट. उत्तर १ आलं तर आपण बरोबर मिडपॉइंटवर आहोत, १ च्या खाली आलं तर मिडपॉइंटपेक्षा कमी, वर आलं तर जास्त. काही ठिकाणी तेच शंभराने गुणून ९० किंवा १०५ असं लिहितात, अर्थ तोच.

मी दर महिन्याला हातात येणारं सगळं मोजलं. ठरलेला पगार ५४,००० आणि त्यावर भत्ते व कामगिरीचा बोनस मिळून सरासरी ७,५००. एकूण ६१,५००. भागिले ६०,०००, उत्तर १.०२५. म्हणजे मी मिडपॉइंटच्याही थोडी वर. मला समाधान वाटलं आणि पुढचे दोन आठवडे मी तो विषय बाजूला ठेवला.

मग एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने वेतन विभागातल्या एका ताईंशी बोलणं झालं. मी माझा आकडा सांगितला तसं त्यांनी विचारलं, "यात बोनस धरलाय का तुम्ही?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आपला बँड फक्त ठरलेल्या पगाराचा आहे. बोनस वर धरला तर अंश एका मापाचा आणि छेद दुसऱ्या मापाचा होतो. तुमचे ५४,००० घ्या."

५४,००० भागिले ६०,०००. उत्तर ०.९०. मिडपॉइंटच्या वर नव्हे, दहा टक्के खाली.

म्हणून पुढे कुणी मला विचारलं की मी आधी एकच सांगते: बँड कशाचा आहे ते विचारा. बहुतेक कंपन्यांत तो ठरलेल्या, दरमहा न बदलणाऱ्या पगाराचा असतो, काही ठिकाणी एकूण रोख मोबदल्याचा असतो. पगारपत्रकावर 'बेसिक' नावाची वेगळी ओळ असेल तर तिचीही गल्लत होते. ती बऱ्याचदा ठरलेल्या पगाराचा एक भाग असते, पूर्ण पगार नव्हे. आणि अर्धवेळ काम असेल तर आधी पगार पूर्णवेळेच्या हिशोबात आणायचा, मगच भागाकार करायचा.

०.९० हाती आल्यावर माझ्या मनात साहजिक प्रश्न आला, हे किती वाईट? ताईंनी सांगितलं की एकट्या ०.९० वरून ते कळत नाही, रेंज पेनिट्रेशन काढा. नाव जड आहे, पण गोष्ट साधी. बँडच्या तळापासून माथ्यापर्यंतच्या अंतरापैकी आपण किती अंतर चढलो आहोत, ते टक्क्यांत सांगायचं. पगारातून किमान वजा करायचा आणि त्याला कमाल वजा किमान याने भागायचं.

माझ्या बाबतीत ५४,००० वजा ४८,००० म्हणजे ६,०००. बँडची रुंदी ७२,००० वजा ४८,००० म्हणजे २४,०००. सहा भागिले चोवीस, २५ टक्के. मिडपॉइंट नेहमीच्या बँडमध्ये ५० टक्क्यांवर असतो. म्हणजे जिन्याच्या चार टप्प्यांपैकी मी पहिला टप्पा संपवून उभी होते, आणि त्या पदावर मला पाच वर्षं झाली होती. ०.९० ऐकताना 'जवळजवळ आलोच' असं वाटत होतं. २५ टक्के ऐकल्यावर तसं वाटलं नाही.

या दोन मापांतला फरक मला खरा कळला तो दुसऱ्या विभागातल्या एका मित्रामुळे. त्याचाही कॉम्पा-रेशो ०.९० होता. तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघं एकाच जागी आहोत." पण त्याचा बँड ६०,००० ते १,२०,००० होता, मिडपॉइंट ९०,०००, पगार ८१,०००. त्याचं पेनिट्रेशन काढलं: २१,००० भागिले ६०,०००, म्हणजे ३५ टक्के. माझं २५. कॉम्पा-रेशो एकच, पण बँडमधली जागा वेगळी.

कारण बँडच्या रुंदीत आहे. माझ्या बँडचा कमाल आकडा किमानपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आहे, त्याच्या बँडचा दुप्पट. माझ्या बँडमध्ये कॉम्पा-रेशो ०.८० पासून १.२० पर्यंतच जाऊ शकतो, त्याच्या बँडमध्ये साधारण ०.६७ पासून १.३३ पर्यंत. म्हणून त्याच्या बँडमध्ये ०.९० हा तळापासून बराच वरचा आकडा ठरतो. उलट एखादा अरुंद बँड घ्या, ४०,००० ते ५२,०००. मिडपॉइंट ४६,०००. तिथे ०.९० म्हणजे ४१,४००, आणि पेनिट्रेशन जेमतेम १२ टक्के. कुणी नुसता कॉम्पा-रेशो सांगून दोन वेगळ्या ग्रेडमधल्या माणसांची तुलना करत असेल, तर त्या बँडची रुंदी विचारल्याशिवाय मी आता पुढे जात नाही.

आणखी एक समज माझ्या डोक्यातून काढावा लागला. मिडपॉइंट म्हणजे माझ्या ग्रेडमधल्या लोकांचा सरासरी पगार, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. तो कंपनीने ठरवलेला बिंदू असतो. काम पूर्ण येणाऱ्या, ते नीट करणाऱ्या माणसाला बाजारात जे मिळतं त्याच्या आसपास बहुतेक ठिकाणी तो ठेवतात, पण काही कंपन्या धोरण म्हणून बाजाराच्या थोडा वर किंवा खाली ठेवतात. म्हणजे कॉम्पा-रेशो १ आला तरी आपण बाजारभावावरच आहोत, हे सिद्ध होत नाही. बाजाराशी तुलना करायची तर बाजाराचा आकडा वेगळा मिळवावा लागतो. आणि एखाद्या ग्रेडमध्ये सगळेच नवीन असतील तर सगळेच मिडपॉइंटच्या खाली असू शकतात, त्यात काही चूक नसते.

त्या वर्षीची वेतनवाढ आली तेव्हा मला ४ टक्के मिळाले. पगार ५४,००० चा ५६,१६० झाला. घरी सगळ्यांना आनंद झाला, मलाही. पण त्याच महिन्यात बँडही ५ टक्क्यांनी वर सरकवले गेले. बाजारातले पगार वाढतात तसे बँड अधूनमधून सरकवावेच लागतात. नवा बँड: ५०,४०० ते ७५,६००, मिडपॉइंट ६३,०००.

मी पुन्हा भागाकार केला. ५६,१६० भागिले ६३,०००, उत्तर ०.८९. पेनिट्रेशन २३ टक्के. पगार वाढला आणि मी बँडमध्ये खाली आले.

हे मला सगळ्यात जास्त लागलं, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगते. जुना कॉम्पा-रेशो गुणिले १.०४ भागिले १.०५, इतकंच ते गणित. आपली वाढ आणि बँडची वाढ सारखी असेल तर कॉम्पा-रेशो जागचा हलत नाही, कितीही वर्षं गेली तरी. बँडपेक्षा आपली वाढ जास्त असेल तरच आपण मिडपॉइंटकडे सरकतो. मी ०.९० वरून तीन वर्षांत १ वर जायचं ठरवलं आणि बँड दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढत राहिला, तर मला दर वर्षी साधारण पावणेआठ टक्के वाढ लागेल. नेहमीच्या वार्षिक वाढीत ते होणार नाही, हे तेव्हा स्पष्ट दिसलं.

मग मी माझ्या व्यवस्थापकांची वेळ घेतली. कागदावर चारच गोष्टी लिहून नेल्या: ठरलेला पगार, बँडचे तीन आकडे, गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा कॉम्पा-रेशो, आणि पदावरची वर्षं. सर म्हणाले, "पण तुम्हाला चार टक्के मिळालेत की!" मी बँडची ५ टक्के वाढ दाखवली. त्यांनी तो आकडा पाहिलाच नव्हता. व्यवस्थापकांना वाढीची टक्केवारी दिसत होती, बँड सरकल्याचं पत्र त्यांच्याकडे वेगळं आलं होतं.

कंपनीच्या मार्गदर्शक कागदात लिहिलं होतं की पदावर नवीन माणूस ०.८० ते ०.९० मध्ये, आणि काम पूर्ण येणारा ०.९५ ते १.०५ मध्ये अपेक्षित. माझी पाच वर्षं आणि सलग तीन वर्षं चांगला शेरा. मी मिडपॉइंट मागितला नाही. ०.९५ मागितला, म्हणजे ५९,८५०, तेव्हाच्या पगारापेक्षा ३,६९० जास्त. ती मागणी त्यांच्याच कागदावर उभी होती, त्यामुळे बोलणं माझ्या गरजांवर किंवा शेजारच्या टेबलाच्या पगारावर गेलं नाही.

सरांनी मधला मार्ग सुचवला, बढती. वरच्या ग्रेडचा बँड ६०,००० ते ९०,०००, बढतीसोबत १० टक्के वाढ. मी तिथेच मोजलं: ६१,७७६ भागिले ७५,०००, म्हणजे ०.८२. पेनिट्रेशन सहा टक्के. बढतीनंतर आकडा असा खाली येणं स्वाभाविक आहे, नव्या पदावर आपण नवीनच असतो, त्यात अपमान नाही. पण जुन्या ग्रेडमध्ये जी तूट साचली होती ती घेऊनच मी वरच्या ग्रेडच्या तळाशी जाणार होते. आधी ५९,८५० वर आले असते तर त्याच १० टक्क्यांनी मी ६५,८३५ वर गेले असते, कॉम्पा-रेशो ०.८८. म्हणून मी म्हटलं, "सर, आधी या ग्रेडमधली दुरुस्ती करूया, बढतीचं नंतर बघू."

दोन महिन्यांनी वार्षिक चक्राबाहेरची दुरुस्ती म्हणून २,५०० मंजूर झाले. मागितले होते ३,६९०. पगार ५८,६६० झाला, कॉम्पा-रेशो ०.९३, पेनिट्रेशन ३३ टक्के. उरलेलं पुढच्या वर्षीच्या वाढीत धरू, असं पत्रात लिहून मिळालं. त्या वाढीसोबत बँड किती सरकतो ते मला आधी कळवावं, अशी एक ओळ मी त्या पत्रात घालून घेतली आहे.