सारणीत नसलेली सातची ओळ

सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावी विज्ञानाला गणित शिकवते. वर्गात आम्ही सगळे ‘फंक्शन’, ‘डेरिव्हेटिव्ह’ आणि ‘चेन रूल’ असेच बोलतो. येथे फलन, अवकलज आणि साखळी नियम असे लिहिते. मागच्या पावसाळ्यात घेतलेल्या एका घटक चाचणीच्या ४२ उत्तरपत्रिका मी विश्रामबागेतल्या घरी तपासत बसले होते. पहिल्या प्रश्नाची पाटी माझ्या मनात कोरी नव्हती, कारण तो प्रश्न मीच काढला होता आणि त्याचे उत्तर 20 हे मला पाठ होते.

प्रश्नात कोणत्याही फलनाचे सूत्र दिलेले नव्हते. f आणि g या दोन फलनांच्या आणि त्यांच्या अवकलजांच्या चार ठिकाणच्या किमती तेवढ्या सारणीत दिल्या होत्या, आणि h(x) = f(g(x)) असेल तर h'(3) काढा, असे दोन गुणांसाठी विचारले होते. मुलांच्या हातात पडलेली सारणी अशी होती:

| x | f(x) | f'(x) | g(x) | g'(x) |
|---|---|---|---|---|
| 1 | 4 | 5 | 3 | 2 |
| 2 | 3 | -2 | 4 | -3 |
| 3 | 1 | 6 | 7 | 4 |
| 4 | 2 | -1 | 2 | 1 |

पहिल्याच उत्तरपत्रिकेत 24 हे उत्तर होते. मी फुली मारली. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पत्रिकेतही 24 च होते. ही चूक आमच्या ओळखीची आहे: मूल 3 च्या ओळीवर बोट ठेवते, त्याच ओळीतले 6 आणि 4 उचलते आणि गुणून मोकळे होते. काहींनी -1 लिहिले होते; त्यांनी आधी g'(3) = 4 घेतले आणि मग f'(4) वाचले, म्हणजे अवकलजाचाच अवकलज घेतल्यासारखे काहीतरी केले. पंधरा-सोळा पत्रिका झाल्या तरी 20 कोठेच दिसेना, तेव्हा एवढा भाग आपण शिकवला तरी होता का, अशी शंका मला येऊ लागली.

मग तासगावहून रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीची पत्रिका हाती आली. तिने लिहिले होते: “h'(3) = f'(g(3)) · g'(3) = f'(7) · 4. सारणीत x = 7 ची ओळ नाही. म्हणून उत्तर 4f'(7) इतकेच लिहिता येते. संख्या सांगता येत नाही.” मी त्या 7 भोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात ‘7 कोठून आले?’ असे लिहिले. लिहून झाल्यावर, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, छापील प्रश्नपत्रिका उघडून पाहिली. माझ्या हस्तलिखितात g(3) पुढे 1 होता. मी एकचा वरचा काटा जरा लांब ओढते. टंकलेखन करणाऱ्याने तो सात वाचला होता, आणि छापून आलेली पत्रिका मी ताळून पाहिली नव्हती. चूक सर्वस्वी माझी होती. त्या मुलीच्या समासातला प्रश्न मी खोडला.

सगळा गठ्ठा संपला तेव्हा हिशेब असा निघाला: २७ जणांचे उत्तर 24, सहा जणांचे -1, पाच जणांनी प्रश्न सोडलेला, तिघांनी 4f'(7) वर आणून पुढे काही न लिहिता थांबलेले, आणि ती एक मुलगी, जिने थांबण्याचे कारणही लिहिले होते. म्हणजे ४२ पैकी फक्त चौघांनी त्या घरातला सात वाचला होता. बाकीच्यांना छपाईतली चूक जाणवलीही नव्हती, कारण त्यांच्या रीतीत g(3) च्या किमतीची गरजच पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत हे सांगितल्यावर विभागातले ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मॅडम, प्रश्नच चुकीचा असेल तर सगळ्यांना दोन गुण देऊन टाकायचे असतात. पोरांचा काय दोष?” रीत तीच आहे आणि ती बहुतेक वेळा योग्यही असते. पण या प्रश्नात मला एक वेगळी गोष्ट दिसत होती. 24 लिहिणाऱ्याला छपाईच्या चुकीने फसवलेच नव्हते. त्या घरात 1 छापला असता, 7 छापला असता किंवा ते घर कोरे ठेवले असते, तरी त्याने 24 च लिहिले असते. खरे उत्तर मात्र त्या घरावर अवलंबून असते: तेथे 1 असेल तर 20, 2 असेल तर -8, 4 असेल तर -4. हे नुसते माझे म्हणणे राहू नये म्हणून मी तासाच्या सुरुवातीलाच, काहीही समजावून न सांगता, g(3) = 1 अशी दुरुस्त सारणी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाकडून पाव कागदावर पुन्हा h'(3) काढून घेतले. चाचणीत 24 लिहिलेल्या २७ जणांपैकी २३ जणांनी पुन्हा 24 च लिहिले.

त्यानंतर फळ्यावर मी नियम पुन्हा लिहिला नाही. तो सगळ्यांना पाठ होताच. आम्ही फक्त x ला 3 वरून 3.01 वर सरकवले. g'(3) = 4 म्हणजे 3 च्या अगदी जवळ g ची किंमत x च्या सुमारे चौपट वेगाने बदलते; म्हणून g ची किंमत 1 वरून सुमारे 1.04 वर जाते. आता f ला आत काय मिळाले? 3 नव्हे, तर 1, आणि त्याच्या शेजारचे 1.04. आपण बाहेर 3 धरला आहे, याचा f ला पत्ताही नसतो. 1 जवळ f चा वेग 5 आहे, म्हणून 0.04 च्या बदलाने f मध्ये सुमारे 0.20 चा बदल होतो. बाहेरून पाहणाऱ्याला x मधल्या 0.01 च्या बदलामागे h मध्ये 0.20 चा बदल दिसतो, म्हणजे वीसपट. 3 च्या ओळीतला f'(3) = 6 या सगळ्यात कोठेही वापरला गेला नाही.

तासगावच्या मुलीला मी तिची रीत विचारली, तेव्हा तिने सांगितलेली गोष्ट मला माझ्या फळ्यापेक्षा बरी वाटली. “मॅडम, तासगावची गाडी सांगली स्टँडला सोडते, आणि कॉलेजची सिटी बस मग सांगली स्टँडवरनंच धरायला लागते. तासगावच्या स्टँडवर तिची वेळ बघून काय उपयोग?” तिच्या सवयीने ती आधी g च्या घरात उतरण्याचे ठिकाण पाहते, मग तेवढ्या x ची ओळ शोधते आणि त्या ओळीतला f' वाचते. परवाच्या सारणीत तिला उतरवले होते 7 ला, आणि 7 ला पुढची गाडीच लिहिलेली नव्हती.

याच ठिकाणी मागच्या बाकावरच्या एका हुशार मुलाने आक्षेप घेतला. “पण मॅडम, चार बिंदू दिलेत की. त्यातनं सूत्र काढता येतंय, मग 7 ला पण किंमत निघंल.” हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, कारण सारणीच्या उदाहरणात सूत्राची ओढ फार जणांना असते. f च्या चार किमतींमधून जाणारी तिसऱ्या घाताची एकच बहुपदी असते हे खरे आहे. आम्ही ती काढली आणि 1 जवळचा तिचा अवकलज पाहिला: तो 5/6 आला, सारणी तर 5 सांगते. म्हणजे ती बहुपदी f नव्हे. मग तो म्हणाला, किमती आणि अवकलज मिळून आठ अटी होतात, त्या सगळ्या पाळणारी सातव्या घाताची बहुपदी घेऊ. तशी बहुपदी मिळते, आणि तीही एकच असते. पण तिच्यात पुढील पद मिळवून पाहू, असे मी म्हटले:

```
c · [(x-1)(x-2)(x-3)(x-4)]^2
```

कंसावर वर्ग असल्यामुळे 1, 2, 3 आणि 4 या चारही ठिकाणी या पदाची किंमत शून्य असते आणि त्याचा अवकलजही शून्य असतो. सारणीतले एकही घर बदलत नाही. मात्र 7 जवळ त्याचा अवकलज 2 · 360 · 342 · c, म्हणजे 246240c येतो. c आपल्या हातात आहे. तेव्हा त्या सारणीशी तंतोतंत जुळणारी असंख्य फलने आहेत आणि f'(7) ची हवी ती किंमत त्यांपैकी एखादे फलन देतेच. ‘सांगता येत नाही’ असे मुलीने लिहिले होते, ते आळसाने दिलेले उत्तर नव्हते, तर गणिताने बरोबर होते, हे वर्गाला तेथे पटले. मुलाने आपल्या वहीत 342 पुन्हा काढून ताळा घेतला आणि मग मान डोलावली.

दुपारी ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एक बारकावा जोडला, तो येथे नोंदवते. छापलेल्या सारणीत g'(3) शून्य असता, तर 7 ची ओळ नसूनही उत्तर शून्य असे देता आले असते. मात्र f ला 7 पाशी अवकलज आहे, एवढे आधी गृहीत धरावे लागले असते. गुणांबाबत आमचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. मी 4f'(7) पर्यंत आलेल्या चौघांना पूर्ण दोन गुण दिले आणि इतरांच्या बेरजेतून तो प्रश्न वगळला. त्यांच्या मते मी अर्धवट न्याय केला.

घरी आल्यावर मी कपाटातून मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढली. तेव्हा असाच प्रश्न विचारला होता, जवळजवळ सगळ्या वर्गाने तो बरोबर सोडवला होता, आणि त्या भरवशावर यंदा या भागाला मी एकच तास दिला होता. त्या प्रश्नात h'(2) विचारले होते, आणि सारणीत x = 2 च्या ओळीत g(2) पुढे मी स्वतः, काहीही विचार न करता, 2 लिहिले होते. गाडी जेथून निघाली तेथेच उतरवत होती. 2 च्या ओळीतले दोन अवकलज नुसते गुणणाऱ्यालाही तेच उत्तर मिळत होते. त्या उत्तरपत्रिका केव्हाच मुलांना परत दिल्या होत्या. मी पुढच्या चाचणीचा मसुदा काढून त्यातली g ची चारही घरे ओळीच्या आकड्याशी ताडून पाहिली, आणि मग प्रत्येक 1 नव्याने, काटा न ओढता लिहिला.