आमची वाटचाल: टेस्टिंग करायला बसलो आणि डेटा धूत राहिलो

आमची फर्म सुरू झाली ती ट्रेडिंगच्या स्ट्रॅटेजी टेस्ट करून द्यायला. क्लायंट नियम सांगणार, आम्ही ते कोडमध्ये लिहून एक मिनिटाच्या बारवर चालवणार आणि रिपोर्ट देणार, बस. डेटा क्लायंटचाच असायचा आणि "क्लीन आहे हो, तुम्ही बिनधास्त चालवा" असं सांगूनच यायचा. आज आमच्या बिलातला मोठा आकडा डेटा साफ करण्याचा असतो आणि टेस्टिंग त्याच्या मागून येतं. हे कसं झालं ते एका फाइलवरून सांगतो.

फाइल होती अमेरिकन शेअर्सची, आणि स्ट्रॅटेजी एकदम साधी. न्यूयॉर्कचं मार्केट ९:३० ला उघडतं, पहिल्या अर्ध्या तासाचा हाय-लो घ्यायचा, भाव वर फुटला की बाय, खाली फुटला की सेल, आणि काहीही झालं तरी ३:५५ ला बाहेर. रिझल्ट मात्र विचित्र, हिवाळ्यात सतत मार आणि मार्च ते नोव्हेंबर बऱ्यापैकी नफा. क्लायंटकडे त्याची थिअरीपण तयार होती, उन्हाळ्यात मार्केटचा मूडच वेगळा असतो वगैरे.

आमच्याकडची एक मुलगी भावाकडे बघायच्या आधी व्हॉल्यूम बघते, तिची सवयच ती. तिने महिन्याप्रमाणे दर मिनिटाचा सरासरी व्हॉल्यूम काढला:

```python
df.groupby([df.index.month, df.index.time])["volume"].mean()
```

मार्केट उघडताना व्हॉल्यूम धाडकन वाढतो, तो लपत नाही. हिवाळ्यात ती उडी बरोबर ९:३० ला, आणि मार्चनंतर ८:३० ला! म्हणजे फाइलमधलं घड्याळ वर्षभर यूटीसीच्या पाच तास मागेच चालत होतं आणि न्यूयॉर्कचं घड्याळ मार्चमध्ये एक तास पुढे गेलं ते फाइलला माहीतच नव्हतं. त्यामुळे उन्हाळ्यात स्ट्रॅटेजी ज्याला ९:३० ते १० समजत होती ते खरं तर १०:३० ते ११ होतं, तोपर्यंत ओपनिंगची धावपळ संपलेली असते, रेंज छोटी येते, ब्रेकआउट वेगळेच मिळतात. उन्हाळ्याचा मूड वगैरे काही नाही, दोन वेगळ्या स्ट्रॅटेजी एकाच नावाखाली चालल्या होत्या.

आता खरी गंमत पुढे आहे. क्लायंटकडे आधी कोणीतरी ९:३० ते ४ च्या बाहेरचे बार उडवून टाकले होते, म्हणजे उन्हाळ्यात खरा पहिला तासच गेला. वर फाइलच्या घड्याळात मार्केट ३ ला बंद होतंय म्हटल्यावर ३ ते ४ चे ६० बार "मिसिंग" दिसले, ते शेवटचा भाव पुढे ओढून भरले. दिवसाला ३९० बार पाहिजेत, ३९० भरले, चेक पास! आणि ३:५५ ला बाहेर पडायचा भाव कुठला, तर भरलेला, म्हणजे खऱ्या ४ च्या बंदचाच भाव, अगदी खराखुरा, त्यामुळे एकेक ट्रेड तपासणाऱ्यालाही काही खटकलं नाही. व्हॉल्यूम शून्य असलेले ६० सपाट बार रोज शेवटी, फक्त उन्हाळ्यात, एवढीच काय ती खूण होती. (आम्ही व्हॉल्यूमचा ग्राफ काढला तो क्लायंटकडून मूळ फाइल मागवून, साफ केलेल्या फाइलवर नाही. हे आता करारातच लिहितो, रॉ फाइल द्या नाहीतर काम घेत नाही.)

दुरुस्ती एका ओळीची आहे:

```python
df.index = df.index.tz_localize("Etc/GMT+5").tz_convert("America/New_York")
```

त्या `GMT+5` चं चिन्ह उलटं वाटतं पण त्या नावांमध्ये प्लस म्हणजे यूटीसीच्या मागे, उलट लिहिलंत तर सगळं दहा तास सरकेल. घड्याळ नेमकं कुठलं ते ओळखायला मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर बघायचे. अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत, २०२४ मध्ये अमेरिका १० मार्चला बदलली आणि लंडन ३१ मार्चला. फाइल लंडनच्या वेळेत असेल तर ओपनिंग वर्षभर १४:३० ला दिसेल, फक्त मधल्या त्या तीन आठवड्यांत आणि शरदात एक आठवडा १३:३० ला. यूटीसी असेल तर हिवाळ्यात १४:३० आणि उन्हाळ्यात १३:३०. डेटा विकणाऱ्याने माहितीत काय लिहिलंय त्यापेक्षा आम्ही या उडीवर विश्वास ठेवतो.

त्यानंतर आमचा क्रमच ठरून गेला, आधी घड्याळ, मग मिसिंग बार, मग खराब टिक.

मिसिंगमध्ये आम्ही एकच प्रश्न विचारतो, तो बार का नाहीये? एकाच शेअरचा नसेल आणि तो शेअर पातळ असेल तर त्या मिनिटात सौदाच झाला नसेल, तिथे मागचा क्लोज पुढे ओढायचा, व्हॉल्यूम शून्य आणि शेजारी एक फ्लॅगचा कॉलम. सगळ्याच शेअर्सचे तेच बार गायब असतील तर फीड पडला असेल किंवा मार्केटच थांबलं असेल. ९ मार्च २०२० ला उघडल्यावर चारेक मिनिटांतच इंडेक्स ७ टक्के पडून सगळं मार्केट १५ मिनिटं बंद झालं होतं, तिथे बार नसणं हेच बरोबर आहे, भरलात तर स्ट्रॅटेजी बंद मार्केटमध्ये स्टॉप लागून बाहेर पडेल. फीड पडलेला असेल तर आम्ही भरत नाही, तो दिवस टेस्टमधून काढतो किंवा दुसरीकडून डेटा आणतो. अर्ध्या दिवसांना २१० च बार असतात, ते कॅलेंडरमधून घ्यायचं. आणि दोन बाजूंच्या भावांमधून सरळ रेघ मारून भरणं तर नकोच, कारण त्यात पुढचा भाव आधीच शिरतो.

खराब टिकवर क्लायंटशी सगळ्यात जास्त वाद होतात. १०१.२०, १०१.२२, १०.१२, १०१.२१ असं आलं तर दशांश चिन्ह सरकलंय हे कोणालाही कळेल, पण त्या मिनिटाच्या बारचा लो १०.१२ झाला की खाली पडल्यावर घेणारी स्ट्रॅटेजी तिथे घेते आणि लगेच १०१ ला विकते. म्हणून रिझल्ट आला की आम्ही ट्रेड नफ्याप्रमाणे लावून वरचे काही डोळ्यांनी बघतो, नफा अशा दोन-चार ट्रेडमध्येच असला तर तिथेच विषय संपतो. फिल्टर म्हणून मागच्या टिक्सचा मिडियन आणि त्यापासूनचं नेहमीचं अंतर घेतो, त्याच्या बऱ्याच पट लांब गेलेली टिक बाजूला. फक्त मागच्या टिक्स हं, कारण "पुढच्या टिकला भाव परत आला म्हणजे ही खोटी" हे लाइव्ह बसलेल्या माणसाला त्या क्षणी माहीत नसतं.

लांब गेलेली प्रत्येक टिक खोटी नसते हाच त्रास आहे. ६ मे २०१० ला दुपारी काही शेअर्स एका सेंटपर्यंत गेले, एक्स्चेंजांनी नंतर २:४० ते ३ मधले ६० टक्क्यांपेक्षा लांबचे सौदे रद्द केले पण त्याच्या आतले कायम राहिले. म्हणजे ४० टक्के पडलेल्या भावाला ज्याचा स्टॉप लागला त्याला तो भाव खरंच मिळाला, आणि फिल्टरला मात्र तो कचराच वाटतो. असे बार आम्ही पुसत नाही, फ्लॅग लावतो आणि टेस्ट दोनदा चालवतो, एकदा त्यांच्यासकट, एकदा त्यांच्याशिवाय, आणि दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये शेजारी-शेजारी देतो. "एकच आकडा सांगा ना" म्हणणारे क्लायंट अजून येतातच, त्यांनाही दोन्हीच मिळतात.