शेजारच्या बीजींना लोहडीच्या शुभेच्छा

लोहडी १३ जानेवारीला, म्हणजे आपल्या भोगीच्या दिवशी. शेजारच्या बीजींच्या, म्हणजे आजींच्या, घरी नातीची पहिली लोहडी होती आणि संध्याकाळी गच्चीवर यायचं बोलावणं आलं होतं. नव्या सुनेची किंवा नव्या बाळाची पहिली लोहडी पंजाब्यांकडे थाटात होते. पूर्वी हा थाट बहुतेक मुलग्याच्या वाट्याला यायचा. आता 'धीयां दी लोहडी' म्हणून मुलींचीही आवर्जून करतात. मला ते फार आवडलं.

व्हॉट्सॲपवर चित्र ढकलून द्यायचं नव्हतं. ऑफिसातल्या जालंधरच्या मित्राला विचारून वाक्य लिहून घेतलं: "तुहानूं ते तुहाडे परिवार नूं लोहडी दियां लख लख वधाइयां." तो म्हणाला, "बीजी मोठ्या आहेत, तेव्हा तुहानूंच म्हण, तैनूं नको. आणि बाळाचं वेगळं म्हण, त्याची त्या वाट बघत असतील: पोती दी पहली लोहडी दियां वधाइयां." घर शीख आहे, म्हणून सुरुवात 'सत श्री अकाल'ने. पंजाबी हिंदूंकडे नमस्ते चालतं. एवढं पुरे, जास्त पंजाबी झाडायला गेलं की नाटकी वाटतं.

अंधार पडल्यावर लाकडं पेटवली. रेवडी, गजक, शेंगा, मक्याच्या लाह्या यांची ताटं फिरत होती. मी हात जोडून म्हटलं, "सत श्री अकाल बीजी, लोहडी दियां लख लख वधाइयां." मग नातीचं वाक्य. बीजींनी डोक्यावर हात ठेवला, "जींदा रह पुत्तर, तुहानूं वी," म्हणाल्या आणि माझ्या ओंजळीत तीळ ओतले. ते आगीत टाकताना म्हणायचं असतं, "ईसर आए, दलिद्दर जाए." ईसर म्हणजे ईश्वर, आणि दलिद्दर आपलंच दारिद्र्य. सगळ्यांच्या मागे मीही आगीला फेरी मारली. बाळासाठी झबलं-टोपडं नेलं होतं, ते सुनेच्या हातात दिलं.

निघताना बीजींनी सकाळी खीर पाठवते म्हणून सांगितलं. ही 'रौ दी खीर', उसाच्या रसात तांदूळ शिजवून केलेली. लोहडीच्या रात्री रांधायची आणि दुसऱ्या दिवशी माघीला थंडच खायची. 'पोह रिद्धी, माघ खाधी', म्हणजे पौषात रांधली, माघात खाल्ली, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. रस कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणला होता, फक्त लिंबू-आलं न घालता.

एप्रिलमध्ये बैसाखीलाही जाणार आहे. तेव्हा 'विसाखी दियां लख लख वधाइयां' म्हणेन. पण तो नुसता पिकाचा सण नाही. १६९९ मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी आनंदपूर साहिबला खालसा पंथ स्थापला तो याच दिवशी, म्हणून 'खालसा साजना दिवस दियां वधाइयां' हेही जोडायचं, असं मित्राने आत्ताच बजावून ठेवलंय.

सकाळी खिरीची वाटी आली. ती रिकामी करून तीत तिळगूळ भरला आणि परत केली.