आमची वाटचाल: आवाज बंद असतानाही कळणारी जाहिरात

जालन्यात आम्ही ठिबक, बियाणं आणि अवजारांच्या दुकानांसाठी व्हिडिओ जाहिराती बनवतो. मोबाइलवर या जाहिराती बहुतेकदा आवाजाविनाच सुरू होतात. त्यामुळे आमच्या कामाचा क्रम बदलला आहे. आता पडद्यावरची अक्षरं आधी लिहितो, निवेदन नंतर.

ठिबकवाल्या दुकानाचं एक वाक्य घ्या: 'शेतकरी बांधवांनो, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे तुमच्या ठिबकचे ड्रिपर बुजत असतील, तर आमच्याकडे नळी साफ करून मिळेल.' बोलायला साधारण सहा सेकंद लागतात. हे सोळा शब्द जसेच्या तसे पडद्यावर टाकले, तर वाचून होण्याआधीच चित्र पुढे सरकतं. आमचं माप सेकंदाला दोन शब्दांचं. म्हणून पहिले अडीच सेकंद फक्त 'ठिबकचे ड्रिपर बुजतात?' आणि पुढचे साडेतीन सेकंद दोन ओळींत 'बोअरच्या क्षारांनी बुजलेली नळी / साफ करून मिळेल'. 'शेतकरी बांधवांनो' आवाजात राहतं, अक्षरांत नाही. अंगठा थांबतो तो स्वतःची अडचण दिसल्यावर.

जागेचं गणित यापेक्षा किचकट आहे. उभा व्हिडिओ 1080 बाय 1920 पिक्सेलचा. रील्समध्ये खालचा सुमारे 35 टक्के भाग मजकूर आणि बटणांखाली जातो, वरचा 14 टक्केही मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे वरून 270 ते 1250 पिक्सेल एवढाच पट्टा आपला. सिनेमासारखी तळाशी ओळ दिली की दुकानाचा फोन नंबर नेमका बटणाआड जातो.

फुटलेल्या कापसावर पांढरी अक्षरं हरवतात. अक्षरांना जाड काळी कड दिली तर 'क्ष', 'ष्ठ' यांच्या पोकळ्या भरून अक्षर ओळखू येत नाही. त्यापेक्षा मागे गडद पट्टी बरी. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकू नयेत, म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवतो. आकार 70 पिक्सेलच्या आसपास.

एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये 'ठिबक'ची वेलांटी ठ च्या पुढे पडली किंवा जोडाक्षरं सुटी झाली, तर फॉन्ट बदलण्याआधी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन `South Asian and Middle Eastern` आहे का ते बघावं. फॉन्ट युनिकोडच हवा, मुक्ता किंवा नोटो चालतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात.

अक्षरं आम्ही चित्रातच पक्की करतो. वेगळी कॅप्शन फाइल प्रेक्षकाच्या सेटिंगवर अवलंबून असते, बंद असेल तर दिसतच नाही. दोन्ही दिल्या तर एकच वाक्य दोनदा येतं, कधी एकावर एक.

दुकानदाराला व्हिडिओ देण्याआधी, निवेदन न ऐकलेल्या कुणाच्या तरी हाती फोन देतो. आवाज बंद, जागा भर उन्हात. काय मिळतं, कुठे मिळतं, फोन कुठे करायचा, हे तिन्ही त्यानं एकदाच बघून सांगितलं तर व्हिडिओ जातो. एखादं अडलं तर तेवढ्या ओळीतले शब्द कमी होतात.