चार अंकी सेव्हन-सेगमेंट: शेजारच्या अंकाची सावली कुठून येते

इडली-डोशाचं पीठ आंबवायच्या डब्यासाठी जे थर्मामीटर करतोय, त्याची ही पुढची नोंद. मागच्या वेळी डिस्प्ले लागला होता, आकडे दिसत होते, पण तापमान वाचायची वेळ आली की सगळा कारभार थांबायचा. डीएस१८बी२० हा सेन्सर १२ बिटांवर एक माप घ्यायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो, आणि लायब्ररी तेवढा वेळ वाट बघत बसते. माझं अंक फिरवण्याचं, म्हणजे चारही अंक एकेक करून झटपट पेटवण्याचं, काम `loop()` मध्येच होतं. त्यामुळे दर मापाच्या वेळी पाऊण सेकंद एकच अंक लख्ख पेटलेला आणि बाकीचे तीन विझलेले. अंक फिरवणं `loop()` मधून काढून टायमर इंटरप्टकडे द्यायचं, हे तेव्हाच ठरलं.

आधी जोडणी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बोर्ड ऊनो, म्हणजे १६ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा ३२८पी. डिस्प्ले बारा पायांचा कॉमन कॅथोड. a ते f सेगमेंट डी२ ते डी७ वर, g आणि टिंब डी८ व डी९ वर, प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर. चारही कॅथोड बीसी३३७ ट्रान्झिस्टरमधून ग्राउंडला जातात आणि त्यांचे बेस १ किलोओहममधून ए० ते ए३ वर आहेत. सेन्सर डी१० वर.

आधी हातात बीसी५४७ होते. पण हिशेब केला तर लाल सेगमेंटवर साधारण २ व्होल्ट पडतात, पिनमध्ये थोडे जातात, आणि २२० ओहममधून १२ ते १३ मिलिअँपिअर वाहतात. टिंबासकट ८ पेटला की आठ सेगमेंटचे मिळून १०० मिलिअँपिअर एकाच कॅथोडमधून जातात, आणि बीसी५४७ ची कमाल मर्यादाच १०० आहे. लॅमिंग्टन रोडवरून बीसी३३७ आणले आणि तो प्रश्न मिटला.

रेझिस्टर २२० पेक्षा कमी करायचा मोह होतो, कारण प्रत्येक अंक पाव वेळच पेटतो आणि सरासरी करंट ३ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. मी तो कमी केला नाही. प्रोग्राम कुठे अडकला आणि इंटरप्ट बंद पडला, तर एक अंक सतत पेटून राहतो. तसं झालं तरी सेगमेंट आणि पिन दोन्ही सुरक्षित राहावेत, एवढाच करंट मला हवा होता.

आता टायमर. टायमर० `millis()` साठी लागतो, त्याला हात लावायचा नाही. टायमर२ मोकळा होता. ६४ चा प्रीस्केलर आणि `OCR2A = 249` घेतलं की दर मिलिसेकंदाला एक इंटरप्ट येईल असा माझा अंदाज होता. टायमर१ च्या सवयीने `CS21` आणि `CS20` हे दोन बिट लावले. अंक स्थिर दिसू लागले, सेन्सर वाचतानाही हलेनात. काम झालं असं वाटलं.

रात्री आईने स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि म्हणाली, "अरे, त्या C च्या मागे अजून काहीतरी दिसतंय बघ." डिस्प्लेवर `28.5C` होतं. C च्या उजवीकडच्या वरच्या उभ्या दांडीच्या जागी, जिथे काहीच नको, तिथे पुसट लाल रेघ होती. उजेडात ती अजिबात दिसत नव्हती.

अशी सावली नेमकी कुठून येते ते कळावं म्हणून मी आकड्यांऐवजी एक चाचणी लावली: पहिल्या जागी ८, पुढच्या तीन जागा पूर्ण कोऱ्या. अंक डावीकडून उजवीकडे फिरतात आणि चौथ्यानंतर पुन्हा पहिला येतो. आता सावली दुसऱ्या जागी दिसली, तर ८ चे सेगमेंट विझण्याआधीच दुसरा अंक चालू झाला, म्हणजे नवा अंक फार लवकर पेटवला. सावली चौथ्या जागी दिसली, तर ८ चे सेगमेंट पेटले तेव्हा चौथा अंक अजून चालूच होता, म्हणजे जुना अंक फार उशिरा विझवला. घोस्टिंगवर माझा सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो या एका चाचणीने.

माझी सावली चौथ्या जागी होती. जवळून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली: वरची a ची आडवी दांडी चांगली दिसत होती, मधली g जेमतेम. याचं कारण कोडमध्येच होतं. मी आधी `digitalWrite()` ने a पासून टिंबापर्यंत आठ सेगमेंट एकेक करून लावत होतो आणि मग जुना अंक बंद करत होतो. ऊनोवर एका `digitalWrite()` ला साधारण ४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे a हा सेगमेंट चुकीच्या अंकावर सुमारे ३२ मायक्रोसेकंद पेटून राहत होता आणि g फक्त ८.

पण ३२ मायक्रोसेकंद म्हणजे एका मिलिसेकंदाच्या ३ टक्के, आणि सावली त्याहून ठळक वाटत होती. म्हणून इंटरप्टमध्ये एक मोजणी ठेवली आणि दहा सेकंदांनी ती सिरियलवर छापली. (मोजणी दोन बाइटची असल्यामुळे ती वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करावे लागतात, नाहीतर एक बाइट जुना आणि एक नवा हाती येऊ शकतो.) १०,००० अपेक्षित होते, आले २०,००० च्या आसपास. डेटाशीट उघडली तेव्हा उलगडा झाला. टायमर२ चा प्रीस्केलरचा तक्ता टायमर० आणि टायमर१ पेक्षा वेगळा आहे, त्यात ३२ आणि १२८ हे दोन जादा टप्पे आहेत. माझ्या बिटांचा तिथे अर्थ ६४ नव्हे, ३२ होतो. प्रत्येक अंकाला अर्धाच मिलिसेकंद मिळत होता आणि सावली ६ टक्क्यांवर गेली होती. अंक जितक्या वेगाने फिरवाल तितकी तीच चूक ठळक दिसते, कारण बदलायला लागणारा वेळ तोच राहतो आणि पेटायचा वेळ घटतो.

म्हणून वेग मुद्दाम उतरवला. १२८ च्या प्रीस्केलरला टायमरचा एक ठोका ८ मायक्रोसेकंदांचा होतो. असे २५० ठोके म्हणजे २ मिलिसेकंद. चारही अंकांची फेरी ८ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा. डोळ्यांना एवढं पुरतं.

```cpp
TCCR2A = _BV(WGM21);
TCCR2B = _BV(CS22) | _BV(CS20);
OCR2A  = 249;
TIMSK2 = _BV(OCIE2A);
```

पहिल्या दोन ओळींत `|=` नको, `=` च हवं. आर्डुइनोने सुरुवातीलाच पीडब्ल्यूएमसाठी टायमर२ चे काही बिट लावून ठेवलेले असतात. ते तसेच राहिले तर मोड बदलतो आणि मोजणी २५० ऐवजी २५६ वर फिरते.

मग क्रम बदलून पाहिला: जुना अंक बंद, नवा चालू, त्यानंतर सेगमेंट. अपेक्षेप्रमाणे सावली चौथ्या जागेवरून उठून दुसऱ्या जागी आली. आणि या वेळी g ठळक, a पुसट, कारण a सगळ्यात आधी विझत होता. दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहिल्यावर खरा क्रम समजला: आधी पूर्ण अंधार, त्या अंधारात सेगमेंट बदलायचे, आणि मग नवा अंक पेटवायचा. `digitalWrite()` काढून थेट पोर्टवर लिहिलं.

```cpp
#include <util/delay.h>

volatile uint8_t buf[4];

ISR(TIMER2_COMPA_vect) {
  static uint8_t d = 0;
  PORTC &= 0xF0;
  _delay_us(5);
  uint8_t s = buf[d];
  PORTD = (PORTD & 0x03) | (s << 2);
  PORTB = (PORTB & 0xFC) | (s >> 6);
  PORTC |= _BV(d);
  d = (d + 1) & 3;
}
```

`buf` मध्ये आकडे नसतात, थेट सेगमेंटचे बिट असतात. `28.5C` साठी त्यात `0x5B`, `0xFF`, `0x6D`, `0x39` बसतात. दुसरा मूळचा `0x7F`, त्यात टिंबाचा वरचा बिट मिळवला. दहाने भागायचं काम `loop()` मध्येच होतं. या चिपला भागाकाराची स्वतंत्र सोय नाही, त्यामुळे तो इंटरप्टमध्ये ठेवणं मला पटत नाही. `PORTD & 0x03` मुळे डी० आणि डी१ वरचा सिरियल शाबूत राहतो.

ती ५ मायक्रोसेकंदांची वाट सुरुवातीला नव्हती. क्रम बरोबर असूनही गडद अंधारात चौथ्या जागी ८ ची अगदी फिकट छटा उरली होती, आणि आता a ते g सगळे सेगमेंट सारखेच फिके. म्हणजे कोडमधला सेगमेंटांचा क्रम त्याला कारण नव्हता. कारण होता ट्रान्झिस्टर. बेसमध्ये ४ मिलिअँपिअर जातोय आणि कोऱ्या अंकामुळे कलेक्टरमधून काहीच वाहत नाही, अशा वेळी ट्रान्झिस्टर खोल सॅच्युरेशनमध्ये असतो. पिन लो केली तरी बेसमध्ये साठलेला चार्ज निचरून जायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचे सेगमेंट येऊन पोचतात. माझ्या चाचणीत नेमकी हीच सर्वांत वाईट स्थिती होती. २ मायक्रोसेकंद थांबून पाहिलं तर छटा उरली, ४ ला गेली, म्हणून ५ ठेवले. २ मिलिसेकंदांतले ५ मायक्रोसेकंद म्हणजे उजेडातला पाव टक्का.

सेन्सरची वनवायर लायब्ररी अधूनमधून इंटरप्ट बंद करते, त्याची मला धास्ती होती. तिचा कोड वाचला: सर्वांत लांब बंदी ७० मायक्रोसेकंदांच्या आसपास आहे, रिसेटच्या वेळी. तेवढ्याने एखादा अंक साडेतीन टक्के जास्त वेळ पेटतो. ते काही दिसत नाही.

दिसतं ते रात्रीच्या मंद उजेडात. आईला रात्री डिस्प्ले डोळ्यांवर येतो, म्हणून त्याच टायमरचा दुसरा कंपेअर वापरला: `OCR2B = 25` आणि `TIMER2_COMPB_vect` मध्ये फक्त `PORTC &= 0xF0`, सोबत `TIMSK2` मध्ये `OCIE2B`. अंक सुमारे २०० मायक्रोसेकंद पेटतो आणि उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो. पण आता तीच ७० मायक्रोसेकंदांची बंदी विझण्याच्या क्षणावर आली, तर अंक तिसऱ्या हिश्श्याने जास्त पेटतो. दर सेकंदाला माप घेताना एखादा अंक चमकून जातो, तो हाच. आंबणाऱ्या पिठाचं तापमान सेकंदागणिक बदलत नाही, म्हणून रात्री माप दर तीस सेकंदांनी घेतोय. चमक तीस सेकंदांतून एकदा येते. ती पूर्ण घालवायला मापाच्या वेळी डिस्प्ले क्षणभर कोरा ठेवून बघणार आहे.