चार रंगांचा दुपट्टा: बांधणीत रंग खुलवताना आलेला अनुभव

शेजारच्या काकूंनी लेकीच्या लग्नासाठी बांधणीचा दुपट्टा करायला दिला तेव्हा अट एकच होती. "मले हिरवा, गुलाबी, निळा, पिवळा, चारही रंग पायजे बाप्पा! लग्न आहे, साधंसुधं नको." वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बांधणी करणारी मी एकटीच, त्यामुळे कोणाला विचारायची सोय नव्हती. पण हे चार रंग शेजारी शेजारी ठेवले तर दुपट्टा जत्रेतल्या पताकेसारखा दिसेल, एवढं कळत होतं.

बांधणीत रंग एकमेकांशेजारी लावायचे नसतात, ते एकावर एक चढतात. पांढऱ्या कापडावर पहिल्या गाठी बांधायच्या, मग सगळ्यात फिका रंग द्यायचा. जे फिकं ठेवायचं त्यावर पुन्हा गाठी, मग गडद रंग. त्यामुळे आधीचा रंग पुढच्या प्रत्येक रंगाच्या पोटात शिरतो. पिवळ्यावर गुलाबी गेला की लाल होतो, पिवळ्यावर निळा गेला की हिरवा. लालावर हिरवा गेला की मात्र मातकट तपकिरी. काकूंच्या यादीतला शुद्ध गुलाबी आणि शुद्ध निळा या वाटेने येणारच नव्हते, कारण त्यांच्याखाली पांढरं कापड लागतं. मी काकूंना सांगितलं, "गुलाबी आन् निळा मी वापरीन, पण ते पिवळ्यावर जातील. तुमच्या हातात पांढरा, पिवळा, लाल अन् हिरवा येईल." काकू नाखूश झाल्या. मी त्यांना आधी नमुना दाखवायचं कबूल केलं.

मलमलच्या पट्ट्या कापून अर्ध्या पिवळ्या केल्या, अर्ध्या पांढऱ्या ठेवल्या आणि प्रत्येक रंगात बुडवून वाळवल्या. वाळवणं महत्त्वाचं, कारण ओलं कापड नेहमी जास्त गडद दिसतं. या पट्ट्यांवर एक गोष्ट स्पष्ट दिसली. पिवळ्या पोटातून आलेले लाल आणि हिरवा एकमेकांचे नातेवाईक वाटत होते, तर पांढऱ्यावरचे गुलाबी आणि निळा भांडत होते. पिवळाही कुठला घ्यायचा, ते इथेच ठरलं. लिंबासारखा पिवळा घेतला की त्यावर निळा स्वच्छ हिरवा होतो. सोनेरी पिवळ्यात तांबूस झाक असते, त्यामुळे त्यावरचा हिरवा शेवाळी होतो. लाल मात्र गुलाबीकडे झुकणारा घेतला. आधीच केशरी झाक असलेला लाल पिवळ्यावर विटकरी होतो. गुलाबीसर लाल पिवळ्यावर गेला की कुंकवासारखा ठसठशीत येतो.

दुपट्टा साधारण २०० ग्रॅमचा होता. सुती कापडाला चालणारे कोल्ड ब्रँड रंग घेतले. पिवळा एक ग्रॅम, म्हणजे कापडाच्या अर्धा टक्का. लाल सहा ग्रॅम, म्हणजे तीन टक्के. एवढ्या छोट्या मापासाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा लागतो, चमच्याचा अंदाज चालत नाही. पाणी चार लिटर, मीठ २०० ग्रॅम आणि रंग पक्का करण्यासाठी सोडा अ‍ॅश ८० ग्रॅम. सोडा घातल्यावर रंग कापडाशी जसा जोडला जातो तसाच पाण्याशीही, म्हणून उरलेलं रंगाचं पाणी दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही.

आमच्याकडे खरी अडचण पाण्याची. बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे थर बसतात. अशा पाण्यात रंग मळकट येतो, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. मी रंगासाठी आरओचा कॅन आणला आणि बोअर फक्त शेवटच्या काही धुण्यांना वापरला. मीठही खड्याचं घेतलं नाही, कारण त्यातही जडपणा असतो.

आता मांडणी. सगळ्या दुपट्ट्यावर आधी थोड्या पांढऱ्या गाठी, मग पूर्ण कापड पिवळं. वाळल्यावर पिवळ्या गाठी, पांढऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, कारण लाल जमिनीवर पांढरा ठिपका डोळ्यात टोचतो आणि पिवळा मिसळून राहतो. काठ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोऱ्याने आवळला आणि मधला भाग लालात बुडवला. मग धुऊन, वाळवून, लाल भाग गुंडाळला आणि काठ निळ्यात.

काठाचा हिरवा इथे सगळ्यात जास्त विचार मागतो. लाल आणि तेवढाच उजळ हिरवा एकमेकांना भिडले की कडेवर डोळ्याला थरथर जाणवते, तोच भडकपणा. ओळखायची सोपी रीत अशी: नमुन्याच्या पट्ट्यांचा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढायचा. दोन्ही रंग एकाच करड्यात दिसले तर ते भांडणार, एक स्पष्ट गडद दिसला तर जमणार. माझ्या पहिल्या पट्टीत दोन्ही एकसारखे होते. मग निळ्याच्या पाण्यात तोच लाल चिमूटभर टाकला. लाल हिरव्याची चमक मारतो आणि त्याला बाटलीच्या काचेसारखा गडद करतो. किती टाकायचा, ते पट्टीवर थेंब थेंब वाढवूनच ठरवावं लागतं, कारण थोडा जास्त झाला की तो तपकिरीकडे सरकतो. काठ हातभर न ठेवता चार बोटं ठेवला. जमिनीच्या मानाने हिरवा थोडा असेल तरच तो काठ वाटतो, नाहीतर दुसरी जमीन वाटते. आणि दोघांच्या सीमेवर पिवळ्या ठिपक्यांची एक सलग ओळ बांधली, म्हणजे लाल आणि हिरवा थेट भिडत नाहीत.

धुण्यात घाई केली तर सगळं फुकट जातं. गाठी बांधलेल्या असतानाच आधी थंड पाण्यात अनेकदा खळबळायचं, मग गरम साबणाच्या पाण्यात. पाणी जवळजवळ स्वच्छ निघाल्यावर कापड पूर्ण वाळवून मगच गाठी ताणून सोडायच्या. आधी सोडल्या तर सुटा लाल पिवळ्या ठिपक्यात उतरतो आणि त्याचा तकाकीदार पिवळा नारिंगी, मळका होतो.

काकूंनी दुपट्टा आधी घरात ट्यूबलाईटखाली पाहिला आणि म्हणाल्या, "लाल तं जरा फिक्का वाटते वो." मी अंगणात उन्हात नेला. ट्यूबलाईटच्या निळसर उजेडात लाल मंद दिसतो, म्हणून रंग उन्हात पाहूनच पास करावा. उन्हात त्या गप्प झाल्या, मग विचारलं, "अन् गुलाबी?" लाल जमिनीच्या पोटात तोच आहे, हे मी पट्टी दाखवून समजावलं. लेकीने मात्र पोपटी आणि राणी रंगाचा आणखी एक मागितला आहे. तो या वाटेने होत नाही. त्यासाठी पांढऱ्या कापडावर ब्रशने जागोजागी पोपटी लावून, वाळल्यावर त्या जागा बांधायच्या आणि मगच कापड राणीत टाकायचं. पोपटी तेवढाच ठिपक्यांत राहतो, बाकी सगळी जमीन राणीची. काकूंना त्याची पट्टी पुढच्या बाजारच्या दिवशी दाखवते म्हणून सांगितलं आहे.