मिक्सरची रिंग

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनी ताटात चटणी टाकली. मी पानात अन्न न टाकणाऱ्या बाईंबद्दल बोलतेय. इडलीबरोबर मी ओल्या खोबऱ्याची चटणी केली होती. त्यांनी एक घास घेतला, पाणी प्यायल्या आणि उरलेली इडली तूप लावून खाल्ली. बोलल्या काहीच नाहीत. मी त्यांच्या वाटीतली चटणी उचलून नाकाशी नेली तेव्हा कळलं. खोबऱ्यामागून अगदी पुसटसा बांगडा येत होता.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मासे आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे शिवराक. सासूबाई सोलापूरच्या, जन्मापासून शाकाहारी. नवरा माझ्यामुळे मासे खायला लागला, म्हणजे बाटवण्याचं पातक माझ्याच नावावर. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ओटा एक, मिक्सर एक, आणि भांडी लावायला एकच फळी. माझी वेगळी चूल मांडायला गॅलरीत जागा होती, पण तिथे वॉशिंग मशीन होतं.

चटणीच्या त्या दिवशी मी मिक्सरचं भांडं तीनदा हुंगलं. स्टीलला काही वास नव्हता. शेवटी झाकण उलटं केलं, त्यातली रबराची रिंग सुरीच्या टोकाने उचकटली आणि चोर सापडला. आदल्या दिवशी माशाच्या तुकड्यांना लावायचं आलं-लसूण वाटताना तेच झाकण मी माशाच्या हातांनी चारदा उघडलं-लावलं होतं. झाकण रोज घासलं जायचं, रिंग मात्र कधी कुणी काढली नव्हती. तिच्या मागच्या खाचेत पिवळसर तेलकट चिकटा बसला होता. रबर तेल पिऊन घेतं आणि तेलाबरोबर वासही. आता आमच्याकडे दोन रिंगा आहेत. माशाच्या रिंगेला मी लाल दोरा बांधलाय आणि ती वापरून झाली की धुऊन खिडकीच्या गजाला टांगते.

त्या रिंगेपायी मी वासाच्या भानगडीत खोल शिरले. समुद्राच्या माशात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला वशाट वास म्हणतो त्यात मोठा वाटा याचा. ते अल्कधर्मी असतं, म्हणून आंबट लागलं की त्याचा क्षार बनतो आणि ते हवेत उडायचं थांबतं. माझी आजी आमटी झाल्यावर पिळून काढलेली कोकमाची सोलं टाकून न देता त्यांनीच पातेलं घासायची, ते याचसाठी. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण माशाच्या भांड्याला पहिलं पाणी गार लावायचं हे पक्कं माहीत होतं. पहिल्याच झटक्याला गरम पाणी ओतलं तर चिकटलेला माशाचा अंश शिजून भांड्याला बसतो आणि मग कितीही साबण लावा. आधी गार पाणी, मग सोलं किंवा चिंचेचा चोथा, मग साबण आणि सगळ्यात शेवटी गरम पाणी. या क्रमाने धुतलेलं स्टीलचं पातेलं दुसऱ्या दिवशी सासूबाई खिरीला घेतात. एकदा नाकाशी नेऊन घेतात, पण घेतात.

तव्याचं मात्र जमलं नाही. बिडाच्या तव्यावर वर्षानुवर्षं तेल जिरून जो काळा थर धरतो, त्यामुळेच भाकरी सुटून येते. मासे तळले की त्यांचं तेल त्याच थरात जिरतं आणि दुसऱ्या दिवशी तवा तापला की भाकरीला वास. आंबट लावून घासावं तर वास जातो, पण थरही खरवडला जातो आणि तवा गंजायला लागतो. म्हणून आमच्या घरात वेगळं काय, तर एक तवा आणि एक रिंग. पाहुणे विचारतात, ‘तुमच्याकडे भांडी वेगळी का?’ मी हेच दोन जिन्नस सांगते, तर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्यांना शुद्ध-अशुद्धाची गोष्ट ऐकायची असते. (‘प्युअर व्हेज’ची पाटी वाचताना मला नेहमी वाटतं, मग मी काय भेसळ?)

आमचा मेळ खरा बसला तो उडीदमेथीवर. हे आमच्याकडचं कालवण बांगड्याचं करतात आणि आंबाड्यांचंही; वाटण एकच. चमचाभर उडीद डाळ थोड्या तेलात तांबूस भाजायची, ती होत आली की पाव चमचा मेथी. मेथी काळी पडली की सगळं कालवण कडू, आणि नंतर गूळ घालूनही ते सुधारत नाही. मग वाटीभर ओलं खोबरं, सहा-सात ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि हळद घालून गंधासारखं वाटायचं. खोबरं खवायचं काम सासूबाईंचं, कारण माझ्या खवण्यात करवंटीचा तपकिरी चुरा येतो असं त्यांचं म्हणणं आहे. खरं आहे.

मोठ्या पातेल्यात हा रस एक उकळी काढून घेतो आणि तिथे त्याच्या वाटा वेगळ्या होतात. अर्धा रस त्यांच्या पातेल्यात ओततो. त्यात आधीच उकडलेले आंबाडे आणि गूळ. उरलेल्यात सोलं, आणि शेवटी हळद-मीठ लावून ठेवलेले बांगड्याचे तुकडे. मासा पडला की सहा-सात मिनिटांत शिजतो. पळी घालून ढवळलं तर तुकडे मोडतात, म्हणून पातेलं दोन्ही बाजूंनी धरून नुसतं हलवायचं. यामुळे एक आपोआप झालं. शिजेपर्यंत माशाच्या पातेल्यात पळी जातच नाही, आणि चुकून तीच पळी शेजारच्या पातेल्यात जाण्याची भीतीही राहत नाही.

अडचण होती ती मिठाची. माझा हात मिठाला फसवा, आणि घरातली सगळ्यात तिखट जीभ त्यांची. ज्या बाईंनी आयुष्यात मासा खाल्ला नाही त्यांनी त्याची चव कशी बघायची? तोड त्यांनीच काढली. रस दोन पातेल्यांत वाटायच्या आधी, मासा जवळपासही नसताना, त्या तळहातावर दोन थेंब घेतात.

गेल्या बुधवारी मी बांगडे साफ करून सिंकपाशी झाकून ठेवले होते. आंबाडे कुकरमध्ये होते. आई आल्या, पळीतला रस हातावर घेतला, चाखला, क्षणभर छताकडे बघितलं.

‘माझ्यात अजून चिमूटभर घाल. तुझ्यात राहू दे एवढंच, माशाला आधी लावलंयस ना मीठ?’

मी हो म्हटलं. त्यांनी पळी धुतली, आपलं पातेलं डाव्या शेगडीवर सरकवलं, खिडकीच्या गजावरून लाल दोऱ्याची रिंग काढून मला दिली आणि म्हणाल्या, ‘टाक आता तुझे मासे. मी शब्दकोडं सोडवते.’